अनिवार्य सत्तेची सिद्धता : इब्न सीनाचा युक्तिवाद कसा मांडावा आणि कुठे तपासावा

इस्लामी परंपरेतील धर्ममीमांसक जेव्हा ‘तत्त्वज्ञांची सिद्धता’ असा उल्लेख करतात, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर मुख्यतः एकच माणूस असतो : बुखाऱ्याजवळ ९८० मध्ये जन्मलेला आणि १०३७ मध्ये हमदान येथे मृत्यू पावलेला इब्न सीना. ‘शिफा’ या त्याच्या विस्तृत ग्रंथातील सत्तामीमांसेच्या भागात, ‘नजात’ या संक्षिप्त ग्रंथात आणि ‘इशारात’ या उत्तरायुष्यातील ग्रंथात त्याने अनिवार्य सत्तेविषयीचा युक्तिवाद वेगवेगळ्या क्रमाने मांडला आहे. या लेखात ‘नजात’ आणि ‘इशारात’ यांतील मांडणी आधाराला घेतली आहे, कारण सिद्धतेचा सांगाडा तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. सार, म्हणजे वस्तू काय आहे ते, आणि अस्तित्व, म्हणजे ती आहे हे, यांच्या भेदाच्या सविस्तर चर्चेसाठी मात्र ‘शिफा’कडे वळावे लागते.

या युक्तिवादाचा जो सारांश पाठ्यपुस्तकांतून नेहमी आढळतो, तो असा : प्रत्येक गोष्टीला कारण असते, कारणांची साखळी अनंत असू शकत नाही, म्हणून एक पहिले कारण आहे. इब्न सीनाचा युक्तिवाद हा नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते असे तो म्हणत नाही, आणि साखळी अनंत असू शकत नाही हे त्याच्या सिद्धतेचे आधारविधानही नाही. अनंत साखळी मान्य केली तरी निष्कर्ष निघतो, हीच त्या सिद्धतेची खरी ताकद आहे आणि ती चौथ्या पायरीत आहे. परंतु चौथी पायरी नीट चढायची असेल, तर आधीच्या तीन पायऱ्यांवर प्रत्येक पदाचा अर्थ पक्का झालेला असावा लागतो.

पहिली पायरी : ‘शक्य’ आणि ‘अनिवार्य’ यांचा नेमका अर्थ

‘अस्तित्व’, ‘वस्तू’ आणि ‘अनिवार्य’ या कल्पना मनात मुळातच उमटलेल्या असतात, त्यांच्याहून अधिक परिचित कल्पना वापरून त्यांची व्याख्या करता येत नाही, असे ‘शिफा’त म्हटले आहे. अनिवार्याची व्याख्या करू गेले की शक्याचा आधार घ्यावा लागतो आणि शक्याची करू गेले की अनिवार्याचा. ही अडचण इब्न सीना लपवत नाही. तो व्याख्येऐवजी विचाराची एक रीत देतो आणि विद्यार्थ्याने तीच आत्मसात करावी. कोणतीही वस्तू घ्यावी, तिच्याबाहेरचे सर्व काही, तिची कारणेसुद्धा, विचारातून दूर ठेवावे आणि विचारावे : केवळ स्वतःच्या स्वरूपामुळे ही वस्तू असलीच पाहिजे काय? नसलीच पाहिजे काय? की दोहोंपैकी काहीच ठरत नाही? पहिले उत्तर आले तर वस्तू स्वतः अनिवार्य, दुसरे आले तर अशक्य, आणि तिसरे आले तर स्वतः शक्य.

या तिसऱ्या वर्गाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. स्वतः शक्य असलेली वस्तू प्रत्यक्षात अस्तित्वात असते, तेव्हा ती तिच्या कारणामुळे अनिवार्य झालेली असते. म्हणजे ती स्वतः शक्य आणि परतः अनिवार्य असते, आणि या दोन गोष्टींत विरोध नाही, कारण त्या दोन वेगळ्या अपेक्षांनी सांगितलेल्या आहेत. दोन आणि दोन घेतले की चार होतातच. तरी ‘चार’ची ही अनिवार्यता दोन आणि दोन गृहीत धरल्यावरची आहे, असे इब्न सीनाचेच उदाहरण आहे. म्हणून उत्तर लिहिताना ‘शक्य’ आणि ‘अनिवार्य’ या पदांपुढे ‘स्वतः’ किंवा ‘परतः’ यांपैकी एक पद प्रत्येक वेळी लिहावे. हे टाळल्यामुळे पुढे अर्धी गफलत होते.

दुसरी दक्षता काळाविषयी आहे. इब्न सीनाच्या मते खगोलांना चालवणाऱ्या बुद्धी अनादी आहेत आणि त्या कधी नव्हत्या असे झालेले नाही, तरीही त्या स्वतः शक्य आहेत, कारण त्यांचे असणे त्यांच्या स्वरूपातून येत नाही. तेव्हा स्वतः शक्य म्हणजे ‘कधीतरी नसलेले’ किंवा ‘पुढे नष्ट होणारे’ असा अर्थ घेता येत नाही. आपल्या लेखनाची तपासणी सोपी आहे : जिथे ‘शक्य’ लिहिले आहे तिथे ‘क्षणभंगुर’ घालून पाहावे. वाक्य तसेच खरे वाटत असेल, तर आपण इब्न सीना सोडून दुसऱ्याच कोणाचा युक्तिवाद लिहीत आहोत. थॉमस अक्वायनस याच्या ईश्वरसिद्धीच्या पाच मार्गांपैकी तिसरा मार्ग या सिद्धतेचा वंशज असला, तरी ‘जे नसू शकते ते कधीतरी नसते’ असे एक कालवाचक विधान त्यात शिरते आणि त्यामुळे तो एका वेगळ्याच आक्षेपाला उघडा पडतो. इब्न सीनाच्या सिद्धतेत ते विधान नाही.

विश्व निर्माण झाले, निर्माण झालेल्याला निर्माता हवा, असा युक्तिवाद करणाऱ्या कलाम संप्रदायापासून तो वेगळा होतो तोही याच मुद्द्यावर. विश्व अनादी आहे असे तो स्वतःच मानत असल्याने त्याला आरंभावर भिस्त ठेवता येत नव्हती. गतीवरून अचल चालकाकडे जाणारी ॲरिस्टॉटलची वाटही त्याला अपुरी वाटली, कारण तिच्या शेवटी गतीचे कारण हाती लागते, अस्तित्वाचे नाही.

दुसरी पायरी : सार आणि अस्तित्व यांचा भेद किती सिद्ध होतो

‘इशारात’मधील त्रिकोणाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्रिकोण म्हणजे काय हे तुम्हांला समजते. रेषा आणि पृष्ठ यांच्यापासून तो बनतो हेही समजते. तरीही असा त्रिकोण बाह्य जगात आहे की नाही याविषयी तुम्ही साशंक राहू शकता. आता हीच शंका त्याच्या घटकांविषयी घेऊन पाहा. ‘हा त्रिकोण आहे हे मला कळले, पण ही आकृती आहे की नाही याविषयी मी साशंक आहे’ असे म्हणता येत नाही. तसे म्हणणाऱ्याला त्रिकोण कळलाच नाही, असे आपण म्हणू. यावरून इब्न सीना निष्कर्ष काढतो की आकृती असणे हा त्रिकोणाच्या साराचा घटक आहे, अस्तित्व हा तसा घटक नाही.

‘शिफा’त तो याच्या एक पाऊल पुढे जातो. अश्वत्व स्वतःच्या ठायी केवळ अश्वत्व आहे. ते एक नाही की अनेक नाही, बाह्य जगातही नाही आणि मनातही नाही. एकत्व, अनेकत्व, मनातील किंवा बाहेरील अस्तित्व या सर्व गोष्टी त्याला येऊन जोडल्या जातात. याचा अर्थ असे शुद्ध अश्वत्व कुठेतरी स्वतंत्रपणे तरंगत असते असा मात्र नाही. सार नेहमी बाह्य जगात किंवा मनात असतेच आणि या दोन्ही प्रकारच्या अस्तित्वांपासून मोकळे असे ते कधीच सापडत नाही. ‘सार स्वतःच्या ठायी’ हा त्याचा विचार करण्याचा एक दृष्टिकोन आहे. साराला अस्तित्वाच्या आधीची एखादी अर्धवट सत्ता देणे ही या पायरीवरची सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ‘साराला अस्तित्व बहाल केले जाते’ अशी भाषा वापरताना ती नकळत होते.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की, एखाद्या गोष्टीविषयी शंका घेता येते एवढ्यावरून ती गोष्ट साराबाहेर आहे असे ठरत नाही. पाणी म्हणजे काय हे ठाऊक असणाऱ्या माणसाला त्यातील हायड्रोजनविषयी शंका असू शकते, पण म्हणून हायड्रोजन पाण्याच्या स्वरूपाबाहेर जात नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर देताना त्रिकोणासारखीच उदाहरणे का निवडली आहेत हे लक्षात घ्यावे लागते : त्यांचे सार व्याख्येने संपूर्ण हाती आलेले असते. सार पूर्णपणे कळले असेल आणि तरीही अस्तित्वाविषयी शंका उरत असेल, तरच युक्तिवाद चालतो. म्हणून विद्यार्थ्याने ‘सार कळले’ या शब्दांऐवजी ‘सार पूर्णपणे कळले’ असे लिहावे, आणि हे पूर्ण कळणे भौतिक वस्तूंबाबत सहज हाती लागत नाही हेही मान्य करावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ११९१ मध्ये अलेप्पो येथे मारला गेलेला तत्त्वज्ञ सुहरावर्दी विचारतो की अस्तित्व ही साराला जोडलेली खरीखुरी गोष्ट असेल, तर ती गोष्ट स्वतः अस्तित्वात असणार, मग तिलाही अस्तित्व जोडलेले असणार, आणि ही मालिका थांबणार कुठे? त्याच्या मते भेद मनाने केलेला आहे, बाहेर त्याला जुळणारे दोन भाग नाहीत. इब्न रुश्दची तक्रारही याच जातीची आहे : पांढरेपणा कापडाला जोडला जातो तसा एक आगंतुक गुण म्हणून इब्न सीनाने अस्तित्व मानले, असे तो म्हणतो. ही तक्रार इब्न सीनाला पूर्णपणे लागू होते असे मला वाटत नाही, कारण पांढरेपणा जोडला जाण्याआधी कापड असते, तर अस्तित्व जोडले जाण्याआधी सार कुठेच नसते, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही त्रिकोणाच्या उदाहरणातून निःसंशय सिद्ध होतो तो एवढाच भेद, की साराच्या पूर्ण आशयात अस्तित्व येत नाही. वस्तूच्या आत खरोखर दोन घटक आहेत हे त्यातून आपोआप निघत नाही.

भारतीय दर्शनांचा अभ्यास केलेल्या वाचकाला इथे वैशेषिकांचे ‘सत्ता’ हे सामान्य आठवेल. साम्य आहे, पण ते पुढे ताणू नये. वैशेषिकांची सत्ता द्रव्य, गुण आणि कर्म यांत समवायाने राहणारे सर्वांत व्यापक सामान्य आहे. ती ‘हे सर्व सत् आहेत’ या समान प्रतीतीचे स्पष्टीकरण देते. एखादी वस्तू नसण्याऐवजी का आहे, हा इब्न सीनाचा प्रश्न तिच्याकडे विचारलेला नसतो.

सुदैवाने सिद्धतेच्या पहिल्या भागाला, म्हणजे अनिवार्य सत्ता आहे एवढे दाखवायला, याहून बळकट भेद लागत नाही. ‘हिचे असणे हिच्या स्वरूपातून निघत नाही’ एवढे कळले की पुरते. बळकट भेदाची गरज पाचव्या पायरीवर पडते आणि खरा वाद तिथे रंगतो.

तिसरी पायरी : स्वतः शक्य असलेल्याला कारण का लागते

स्वतः शक्य वस्तूच्या बाबतीत असणे आणि नसणे ही दोन्ही पारडी तिच्या स्वरूपापुरती समान असतात. ती प्रत्यक्षात आहे, म्हणजे एक पारडे झुकले आहे. ते झुकवणारे काहीतरी तिच्याहून वेगळे असले पाहिजे, कारण तिच्या स्वरूपाने ते झुकवले नाही हे आपण ‘स्वतः शक्य’ म्हणतानाच मान्य केले आहे. हे विधान सिद्धतेचा पाया आहे आणि ते सिद्ध करून दाखवलेले नाही. इब्न सीनाच्या दृष्टीने ते पदांचा अर्थ कळताच पटणारे आहे. ज्याला ते पटत नाही, ज्याच्या मते काही गोष्टी नुसत्याच असतात, त्याच्यासाठी सिद्धता इथेच थांबते. परीक्षेत किंवा चर्चेत हे उघडपणे सांगावे.

कारणाविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे कारणाने वस्तू परतः अनिवार्य होईपर्यंत ती अस्तित्वात येत नाही. कारण हजर असूनही ‘असेल किंवा नसेल’ अशी स्थिती उरत असेल, तर पारडे अजून झुकलेलेच नाही आणि आणखी काहीतरी हवे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे इथे ज्याविषयी बोलणे चालले आहे ते कारण कार्याबरोबर असते. ‘शिफा’तले घर आणि गवंडी यांचे उदाहरण याच ठिकाणी उपयोगी पडते. गवंडी निघून गेला, मरण पावला, तरी घर उभे राहते. यावरून कोणी म्हणेल की कार्याला टिकण्यासाठी कारण लागत नाही. इब्न सीनाचे उत्तर असे की आपण कारण चुकीचे ओळखले. गवंडी हा दगड-मातीच्या हालचालीचे कारण होता, आणि तो थांबताच ती हालचालही थांबली. घर या क्षणी उभे आहे त्याचे कारण या क्षणी हजर आहे : घटकांचे एकमेकांना धरून ठेवणे, प्रत्येक द्रव्याचा खाली राहण्याचा स्वभाव, आणि त्या स्वभावांना टिकवणारे आणखी काही. बाप आणि मुलगा यांचेही तसेच. बाप मुलाच्या जन्माकडे नेणाऱ्या एका हालचालीचे कारण आहे, मुलाच्या आजच्या अस्तित्वाचे नाही.

म्हणून पूर्वजांच्या किंवा भूतकाळातील घटनांच्या मालिकेचे उदाहरण या सिद्धतेत वापरू नये. तशी मालिका अनंत असायला इब्न सीनाची हरकत नाही, तो ती मानतोच. सिद्धतेचा विषय आहे तो आत्ता, एकाच वेळी, एकमेकांवर टेकलेल्या कारणांचा.

चौथी पायरी : सर्व शक्यांचा समुच्चय

आता सिद्धता मांडता येते. काहीतरी अस्तित्वात आहे, याविषयी शंका नाही. ते स्वतः अनिवार्य असेल तर आपले काम झाले. ते स्वतः शक्य असेल तर त्याला कारण आहे, आणि त्या कारणाविषयीही हाच प्रश्न येतो. इथे वाचकाला मालिकेत मागे मागे जाण्याचा मोह होतो. इब्न सीना तसे करत नाही. तो म्हणतो की स्वतः शक्य असलेल्या, आत्ता अस्तित्वात असलेल्या सर्व वस्तू एकत्र घेऊ. त्या मोजक्या असोत वा अनंत असोत, सरळ रांगेत असोत वा वर्तुळात असोत, आपल्याला फरक पडत नाही. या समुच्चयाला क म्हणू.

क स्वतः अनिवार्य आहे की स्वतः शक्य? तो आपल्या घटकांमुळे आहे, घटक नसतील तर तो नाही, आणि घटक म्हणजे संपूर्ण समुच्चय नव्हे. जे स्वतःहून वेगळ्या गोष्टींमुळे असते ते स्वतः अनिवार्य असू शकत नाही. म्हणजे क स्वतः शक्य आहे आणि त्यालाही कारण हवे. ते कारण क मध्ये असेल किंवा क बाहेर असेल.

आधी आतले पाहू. समजा कारण हा क मधील एखादा घटक ख आहे. संपूर्ण समुच्चयाचे कारण ते, जे त्याच्या सर्व घटकांना अस्तित्व देते. पण ख हा स्वतःच त्या घटकांपैकी एक आहे, तेव्हा ख स्वतःचेही कारण ठरतो. जे स्वतःला अस्तित्व देते ते परावलंबी राहत नाही, म्हणजे ख स्वतः शक्य नाही, आणि हे आपण ज्या अटीवर त्याला क मध्ये घेतले त्या अटीविरुद्ध आहे. समजा सर्व घटक मिळून कारण आहेत असे म्हटले, तर ते क हेच क चे कारण आहे असे म्हणणे झाले आणि तीच अडचण पुन्हा आली. उरले बाहेरचे कारण. पण स्वतः शक्य असे सर्व काही क मध्ये आधीच घेतलेले आहे. बाहेर असलेले अस्तित्व स्वतः शक्य नाही, आणि जे आहे ते अशक्यही नाही. म्हणून ते स्वतः अनिवार्य आहे.

हीच गोष्ट छोट्या प्रमाणावर करून पाहावी. समजा जगात केवळ दोनच स्वतः शक्य वस्तू आहेत, ग आणि घ, आणि ग चे कारण घ तर घ चे कारण ग आहे. एकेका वस्तूकडे पाहिले तर प्रत्येकीला कारण आहे, कोणतीच वस्तू विनाकारण नाही. तरीही आपल्याला जाणवते की काहीतरी चुकले आहे. चूक एकेकीकडे पाहून सापडत नाही. ‘ही दोघे आहेतच का?’ असे जोडीविषयी विचारले की सापडते, कारण ‘ग असेल तर घ’ आणि ‘घ असेल तर ग’ ही दोन्ही विधाने दोघेही नसताना तितकीच खरी राहतात. वर्तुळाबाबत सर्वांना पटणारी ही गोष्ट अनंत रांगेबाबतही तशीच आहे, हे इब्न सीनाचे म्हणणे आहे. रांग कितीही लांबवली तरी प्रत्येक कडी ‘मागची असेल तर मी’ एवढेच सांगते.

साखळी थांबते हा इथे निष्कर्ष म्हणून येतो : प्रत्येक साखळी अनिवार्य सत्तेपाशी टेकते, हे समुच्चयाच्या विचारातून निघाले. विद्यार्थ्याने आपली मांडणी तपासताना ‘अनंत असू शकत नाही’ हे शब्द तिच्यात कुठे येतात ते पाहावे. ते अनिवार्य सत्ता सिद्ध होण्याआधी येत असतील तर मांडणी बिघडली आहे.

या पायरीवरचा सर्वांत मोठा आक्षेप गझाली या धर्ममीमांसकाने १०९५ मधील ‘तहाफुत अल्-फलासिफा’ या ग्रंथात घेतला. त्याचा आशय असा : प्रत्येक घटक शक्य आहे याचा अर्थ त्याला स्वतःहून वेगळे कारण आहे, एवढाच घ्या. अनिवार्य म्हणजे ज्याला बाहेरचे कारण नाही ते, एवढाच घ्या. मग प्रत्येक घटकाला कारण असावे आणि समुच्चयाला बाहेरचे कारण नसावे, यात विरोध काय आहे? जे एकेकाविषयी खरे ते सर्वांविषयी खरे असलेच पाहिजे असे नाही. अनिवार्य गोष्ट शक्यांनी बनली हे तुम्हांला विपरीत वाटते, पण खगोलांचे एकेक परिभ्रमण आरंभ असलेले आणि सर्व मिळून परिभ्रमणे अनादी, हे तुम्हीच मानता. साधारण सातशे वर्षांनी, १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्यूमच्या संवादांत क्लिअँथिस हे पात्र वीस कणांचे उदाहरण देऊन असेच काही म्हणते : विसांपैकी प्रत्येकाचे कारण सांगितल्यावर सर्वांचे कारण वेगळे विचारणे अनाठायी आहे.

या आक्षेपाचे दोन भाग वेगळे करावेत. ‘घटकांचा गुण समुच्चयाला लावला’ हा आरोप इब्न सीनावर टिकत नाही. प्रत्येक घटक शक्य, म्हणून समुच्चय शक्य, असे तो म्हणत नाही. समुच्चय आपल्या घटकांवर अवलंबून आहे, म्हणून तो शक्य, असे तो म्हणतो, आणि हे कोणत्याही समुच्चयाला लागू आहे. दुसरा भाग मात्र जिवंत आहे. घटकांवर अवलंबून असणे आणि बाहेरच्या कारणावर अवलंबून असणे या दोन गोष्टी आहेत, आणि गझाली पहिली मान्य करून दुसरी नाकारतो. त्याला उत्तर देताना तिसऱ्या पायरीकडे परतावे लागते. परिभ्रमणे एकामागून एक होतात, मागचे संपल्यावर पुढचे येते, म्हणून ती एकत्र असा समुच्चय कधी उभाच राहत नाही. इथला समुच्चय एकाच वेळी उभा आहे आणि त्यातील प्रत्येक कडी उसन्या अस्तित्वावर आहे. एकेका कडीचे कारण सांगताना दुसरी कडी आहे हे गृहीत धरावे लागते, म्हणून सर्वांचे कारण सांगून झाले असे म्हणताना सर्व आहेत हेच गृहीत धरले गेलेले असते. हे उत्तर मला समाधानकारक वाटते. पण त्याची किंमतही आहे : समुच्चयालाही ‘का आहे’ असा प्रश्न विचारता येतो, हे त्यात मान्य करावे लागते. जो ते मान्य करत नाही त्याने तिसऱ्या पायरीवरचे विधान समुच्चयापुरते नाकारले आहे, हे त्याला दाखवून देता येते. त्याहून अधिक काही सिद्धतेच्या हाती नाही.

पाचवी पायरी : आतापर्यंत काय मिळाले आणि पुढे काय हवे

चौथ्या पायरीच्या शेवटी आपल्या हाती ‘किमान एक स्वतः अनिवार्य सत्ता आहे’ एवढेच आहे. ती एकच आहे, तिला ज्ञान आहे, ती चांगली आहे, यांपैकी काहीही अजून सिद्ध झालेले नाही, आणि इथे ‘ईश्वर’ हा शब्द लिहिण्याची घाई करू नये. इब्न सीनाने स्वतः हे गुण एकेक करून नंतर सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांपैकी ज्या पायरीवर पुढचे सर्व टेकलेले आहे, तीच इथे घेऊ : अनिवार्य सत्तेला अस्तित्वाहून वेगळे सार नाही.

युक्तिवाद आटोपशीर आहे. समजा तिला अस्तित्वाहून वेगळे सार आहे. मग अस्तित्व त्या साराला जोडलेले असणार आणि त्या जोडणीला कारण असणार. ते कारण बाहेरचे असेल तर ती सत्ता परावलंबी झाली. ते कारण तिचे सारच असेल, तर अस्तित्व देण्यासाठी त्या साराला आधी अस्तित्वात असावे लागेल, म्हणजे अस्तित्वाच्या आधी अस्तित्व मानावे लागेल. दोन्ही वाटा बंद आहेत, म्हणून तिच्यात सार आणि अस्तित्व हा भेदच नाही. त्रिकोणाबाबत जो प्रश्न विचारता आला, तो हिच्याबाबत विचारताच येत नाही.

दुसऱ्या पायरीवर बाजूला ठेवलेला बळकट भेद इथे परत येतो. ‘अस्तित्व साराला जोडलेले असणार’ हे वाक्य भेद केवळ मनाने केलेला असेल तर पुढे सरकत नाही, कारण मनाने केलेल्या भेदाला बाहेरच्या कारणाची गरज नसते. गझालीने नेमके इथेच बोट ठेवले. त्याच्या मते चौथ्या पायरीने ‘विनाकारण सत्ता’ मिळते. तिला स्वतःचे सार आणि गुण असावेत आणि तरीही त्यांना बाहेरचे कारण नसावे, यात तिच्या विनाकारण असण्याला काहीच बाधा येत नाही. चौथ्या पायरीतील ‘अनिवार्य’ आणि पाचव्या पायरीतील ‘अनिवार्य’ यांचा आशय सारखाच आहे का, हे म्हणून तपासावे. ‘विनाकारण’ या अर्थाने सिद्ध करून ‘निरवयव’ या अर्थाने वापरले तर पद घसरले.

तेच एकत्वाच्या युक्तिवादात दिसते. इब्न सीना म्हणतो की स्वतः अनिवार्य अशा दोन सत्ता असतील, तर अनिवार्यता त्यांच्यात समान असेल आणि त्या वेगळ्या ठरण्यासाठी प्रत्येकीत आणखी काहीतरी असेल. मग त्या संयुक्त झाल्या आणि घटकांवर अवलंबून राहिल्या. याला बगदादच्या इब्न कम्मूना (मृत्यू १२८४) या ज्यू तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी शंका अशी आहे : दोन्ही सत्ता पूर्णपणे साध्या असाव्यात, आपल्या समग्र स्वरूपाने एकमेकींहून भिन्न असाव्यात, आणि ‘अनिवार्य’ हे त्यांच्याविषयी आपण बाहेरून केलेले समान विधान असावे. मग समान घटक उरत नाही आणि संयोगही उरत नाही. अनिवार्यता आणि अस्तित्व हे वस्तूंविषयीचे आपले विचार आहेत असे मानणाऱ्याला या शंकेचे उत्तर देणे फार कठीण जाते.

शिराजच्या मुल्ला सद्राने (मृत्यू १६४०) दिलेले उत्तर सर्व मांडणीच उलटी करते. ‘हिदायत अल्-हिकमा’ या तत्त्वज्ञानाच्या पाठ्यग्रंथावरील त्याचे भाष्य भारतातील मदरशांत दीर्घकाळ ‘सद्रा’ याच नावाने शिकवले जात असे, तेव्हा हा वाद आपल्या भूमीला अनोळखी नाही. त्याच्या मते बाह्य जगात खरे असते ते अस्तित्व. सार ही त्या अस्तित्वाची मनाने आखलेली मर्यादा असते. अस्तित्व हे एकच वास्तव असून ते तीव्रतेच्या कमी-अधिक प्रमाणात सर्वत्र आहे, म्हणून दोन शुद्ध अस्तित्वे ‘समग्र स्वरूपाने भिन्न’ असूच शकत नाहीत. इब्न कम्मूनाची शंका यामुळे सुटते. पण ती सोडवणारे विधान इब्न सीनाच्या सिद्धतेत नव्हते, ते बाहेरून आणलेले आहे. त्यामुळे उत्तरपत्रिकेत पाचवी पायरी लिहिताना ‘अस्तित्व हेच खरे’ हे आधारविधान वेगळ्या ओळीत, सद्राच्या नावावर लिहावे, आणि ते वगळले तर एकत्वापैकी किती उरते हे त्याच्या खालच्या ओळीत लिहावे.